संथ आपत्ती घरात कशी शिरते? 'फ्लाइट बिहेविअर' वाचताना पडलेला प्रश्न

पंचवटीकर

मंडळी,

नाशिकमध्ये आमचा छोटासा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो, एका पुस्तकावर बोलतो आणि मग मिसळ खातो. (काही सभासद फक्त मिसळीला येतात, ते इथेही आहेत, नावं घेत नाही.) या वेळी पुस्तक निवडायची पाळी माझी होती. बार्बरा किंग्सॉल्व्हर यांची 'फ्लाइट बिहेविअर' घेतली, २०१२ सालची. रविवारी मला चर्चा सुरू करून द्यायची आहे, म्हणून हा धागा.

शेवट न सांगता कथा अशी. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात फेदरटाउन नावाचं काल्पनिक गाव. डेलारोबिया ही तिशीच्या आतली बाई. सतराव्या वर्षी दिवस गेले म्हणून घाईत लग्न झालेलं. दोन लहान मुलं, खडीचा ट्रक चालवणारा नवरा, आणि राहायचं सासू-सासऱ्यांच्या मेंढ्यांच्या फार्मवर. एके दिवशी ती सगळं सोडून द्यायच्या इराद्याने, दुसऱ्याच एकाला भेटायला डोंगर चढते. छान दिसावं म्हणून चष्मा घरी ठेवलाय. वर पोचते तर समोरची दरी पेटलेली, पण धूर नाही की आवाज नाही. हा काहीतरी इशारा आहे असं समजून ती माघारी फिरते. मागाहून कळतं की ती मोनार्क फुलपाखरं होती. दरवर्षी मेक्सिकोत हिवाळा काढणारी, या वर्षी भलत्याच डोंगरावर लाखोंनी येऊन बसलेली. गावाला तो चमत्कार वाटतो. ओविड बायरन नावाच्या शास्त्रज्ञाला ते कशाचं तरी लक्षण वाटतं, आणि तो घाबरतो.

आता प्रश्न. भूकंपाला तारीख असते. हवामानबदल रोज चालू असतो, पण अमुक दिवशी झाला असं म्हणता येत नाही. मग कादंबरीकार तो कोणाच्या तरी अंगावर आणतो कसा?

माझं उत्तर: या कादंबरीत तो फुलपाखरांमधून येत नाही, गवतातून येतो. गोष्ट सुरू व्हायच्या आधीपासून पाऊस थांबलेला नाही. गवत कापून वाळवायला लागोपाठ कोरडे दिवस मिळाले नाहीत. मेंढ्यांना चारा विकत आणायचा. त्यात सासऱ्याच्या कर्जाचा मोठा हप्ता तोंडावर, म्हणून तो डोंगरावरचं लाकूड विकायचा करार करून बसलाय. आणि फुलपाखरं नेमकी त्याच झाडांवर. हवामानबदलाचा उल्लेख कोणी करायच्या आधीच तो त्या घराच्या जमाखर्चात येऊन बसलेला असतो.

तुम्हाला काय वाटतं? पुस्तक वाचलं नसेल तरी चालेल.

निशाचर

"पुस्तक वाचलं नसेल तरी चालेल" हे वाक्य आमच्यासाठीच लिहिलंत ना काका? मी पोचतोय. मिसळ कुठली?

अवली_नाशिककर

तपोवनातल्या झाडांबद्दल हा धागा आहे असं समजून आलो. त्यावर कोणीच का बोलत नाही? साधुग्रामसाठी झाडं तोडायची आणि मग दुसरीकडे रोपं लावल्याचे फोटो काढायचे. आधी आपल्या घरची आपत्ती बघा, मग अमेरिकेतली.

पंचवटीकर

अवली, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. तरी एक सांगतो: या कादंबरीतही झाडं तोडायचीच भांडणं आहेत, आणि तोडायला निघालेला माणूस दुष्ट नाही, कर्जात आहे. म्हणून म्हणतो, वाचा.

रंगीत_सुरवंट

मी वाचली आहे! अप्रतिम आहे. आणि विशेष म्हणजे ही सत्यघटना आहे. मेक्सिकोत जंगलं तोडल्यामुळे मोनार्क खरोखरच अमेरिकेतल्या डोंगरावर येऊन बसली होती आणि लेखिका त्याच भागात राहते. त्यामुळे वाचताना जास्त अंगावर येतं.

खंड्या

सुरवंट, अर्धं बरोबर आहे. लेखिका त्याच डोंगराळ पट्ट्यात राहते हे खरं. मोनार्कचा थवा टेनेसीत हिवाळ्याला उतरला हे मात्र कल्पित आहे, पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात तिनेच तसं लिहिलंय. खरी गोष्ट आहे ती अंगांगेओची. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातलं डोंगरातलं गाव, मोनार्कच्या हिवाळी जंगलांच्या जवळचं. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथे भलताच पाऊस झाला, पूर आला, दरडी कोसळल्या, माणसं गेली. तिने ती घटना उचलली आणि "फुलपाखरांना जायला जागाच उरली नाही तर?" इथून पुढचं रचलं.

मी पक्षी बघतो, फुलपाखरांत कच्चा आहे, पण मोनार्कबद्दल थोडं वाचलंय. उत्तरेतून शरद ऋतूत निघालेलं फुलपाखरू मेक्सिकोला आधी कधीही गेलेलं नसतं. वसंतात तिथून निघालेली फुलपाखरं वाटेत अंडी घालून मरतात, उन्हाळ्यात दोनतीन पिढ्या काही आठवड्यांतच संपतात, आणि शेवटची पिढी पुन्हा त्याच डोंगरांतल्या त्याच झाडांवर जाऊन बसते. म्हणजे वाट माहीत असलेलं कोणीच जिवंत नसतं. हे समजलं की भलत्या डोंगरावर उतरणं किती भयंकर आहे ते कळतं. चुकलेल्याला परत वळवणारं कोणी नाही.

दुसरं, थंडीपेक्षा त्यांना ओली थंडी मारते. अंग कोरडं असेल तर शून्याच्या बऱ्याच खालचं तापमान सोसतात, भिजलेली असली की त्याआधीच गोठतात. जानेवारी २००२ मध्ये मेक्सिकोत आधी पाऊस आणि पाठोपाठ कडाका, असं झालं आणि कोट्यवधी मेली. कादंबरीतला शास्त्रज्ञ हिवाळाभर ढगांकडे डोळे लावून बसतो तो यामुळे. वाचकालाही मग पाऊस पडला की धास्ती वाटते, आणि ती धास्ती पानापानाने वाढते. पंचवटीकर, हे तुमच्या गवताइतकंच महत्त्वाचं आहे असं माझं मत.

रंगीत_सुरवंट

अरेच्चा, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तो फोटो कुठला होता? असो. तरी मला खरंच वाटली होती ना, म्हणजे लेखिका जिंकली.

जुनं_नाशिक

आमच्या लहानपणी नाशकात पंखे नव्हते. गंगापूर रोडला संध्याकाळी शाल लागायची, तीही एप्रिलात. मुंबईची माणसं हवापालटाला यायची. आता बघा.

निशाचर

आजोबा, एप्रिलात शाल? शपथ?

जुनं_नाशिक

मार्च म्हण हवं तर.

समासातली_टीप

जुनं_नाशिक यांच्या त्या दोन ओळी मला या धाग्यासाठी कामाच्या वाटतात, आणि मी चेष्टा करत नाही. संथ आपत्तीची गंमत हीच आहे: पुरावा मागितला की एप्रिलचा मार्च होतो. पूर आला तर दुतोंड्या मारुती आहे, पाणी कमरेला की छातीला हे सगळं गाव एका नजरेत सांगतं. गेलेल्या गारव्याला तसा मारुती नाही. कादंबरीकाराला तो उभा करावा लागतो.

किंग्सॉल्व्हर तो कसा उभा करते? मी ही कादंबरी अनेक वर्षं वर्गात शिकवली आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ती संपूर्ण गोष्ट डेलारोबियाच्या डोक्याच्या आत राहून सांगते. 'ती' असं लिहिलंय, पण जे तिला माहीत नाही ते आपल्यालाही कळत नाही. त्यामुळे पहिल्या भागात शास्त्र जवळजवळ नाही. चिखल आहे, ओली पादत्राणं आहेत, पोरांच्या सर्दीखोकल्याची आणि पैशाची चिंता आहे. शास्त्रज्ञ तिच्या घरामागे गाडी लावून प्रयोगशाळा थाटतो, तिला तिथे मदतनीस म्हणून नोकरी मिळते, आणि मग जे काय कळायचं ते तिला आणि आपल्याला एकदमच कळतं. जमिनीवर चौकोन आखायचे आणि त्यातली मेलेली फुलपाखरं मोजायची, असलं काम. पगार मिळतो म्हणून ती मोजते. मोजता मोजता तिला त्यांच्याबद्दल काहीतरी वाटायला लागतं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कळकळ आणि मग काम असा क्रम असता तर ते प्रचारपुस्तक झालं असतं.

रविवारी एकच प्रसंग वाचायचा असेल तर मी यादीवाला सांगेन. एक पर्यावरणवादी गृहस्थ फुलपाखरांच्या डोंगराखाली येऊन लोकांकडून प्रतिज्ञापत्रकावर सह्या घेतोय. डेलारोबियाला तो कलमं वाचून दाखवतो. हॉटेलात जाताना उरलेलं अन्न आणायला घरून डबा न्या. ती सांगते, हॉटेलात जेवून दोन वर्षं झाली. जुन्या वस्तू विकत घ्या. तिच्या घरातलं सगळं आधीच जुन्या बाजारातलं. असं करत तो शेवटच्या कलमावर येतो: विमानप्रवास कमी करा. तिथे वाचक हसतो, आणि मग जरा ओशाळतो. प्रसंग विनोदी आहे, पण त्यात एक हिशोब आहे. ज्या घराचं गवत पावसाने नेलं त्या घराने हवेत सगळ्यात कमी धूर सोडलाय, आणि शपथ त्यालाच घ्यायला सांगतायत. हे लेखिका कुठेही उच्चारत नाही. फक्त यादी वाचून दाखवते.

गोडी_छाटणी

नमस्कार. निफाड तालुक्यातला द्राक्षवाला. पुस्तक वाचलं नाही, इंग्रजी कादंबरी वाचायचा सराव नाही. पण गवताचं वाचलं आणि राहवलं नाही.

तुम्ही लोक विचारताय की संथ आपत्ती घरात कशी शिरते. आमच्याकडं ती फवारणीच्या वहीतून शिरली. निर्यातीचा माल करायचा तर प्रत्येक फवारणी लिहावी लागते. तारीख, औषध, प्रमाण, कशासाठी, आणि काढणीला किती दिवस बाकी. माल तिकडं तपासणीत अडकला तर हीच वही दाखवायची. आमचे दादा (वडील) पण वही ठेवायचे, साधी दोनशे पानी. त्यांच्या वहीत ऑक्टोबर छाटणीनंतर दोन फवारण्यांच्या मध्ये मोकळ्या ओळी असायच्या, त्यात बैलाच्या औषधाचा खर्च, लग्नाला किती आहेर केला, असलं काहीबाही लिहिलेलं. माझ्या वहीत मोकळी ओळ सापडत नाही. फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी, डाऊनी म्हणजे घड गेला. म्हणून ढग आले की मारा. पाऊस पडून गेला की पुन्हा मारा, रात्री अकरा वाजता ब्लोअर लावून. २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवतो का कोणाला? त्या पानावर माझं अक्षर बघितलं तर वाटेल दुसऱ्याच माणसानं लिहिलंय.

अमुक वर्षी हवामान बदललं असं मी सांगू शकणार नाही. पण दोन वह्या शेजारी ठेवल्या तर कोणालाही दिसेल.

समासातली_टीप

गोडी_छाटणी, तुमच्या दादांच्या वहीतल्या त्या आहेराच्या ओळी मिळाल्या तर मी वर्गात कादंबरीच्या आधी त्याच वाचून दाखवीन.

एकटीच_बाई

सगळे एका सुरात बोलताय म्हणून वेगळं बोलते. मला ही कादंबरी हवामानाची वाटलीच नाही. ही एका लग्नाची गोष्ट आहे. चुकून झालेलं लग्न, चांगला पण मंद नवरा, ताब्यात ठेवणारी सासू, आणि शिकायचं राहून गेलेली हुशार बाई. फुलपाखरं आली नसती आणि तिथे एखादा सिनेमावाला शूटिंगला आला असता तरी हेच घडलं असतं: बाहेरचं कोणी येतं, नोकरी मिळते, आपण कोण आहोत ते कळतं. मग "आपत्ती वैयक्तिक केली" म्हणायचं की "वैयक्तिक गोष्टीला आपत्तीची झालर लावली"?

पंचवटीकर

एकटीच_बाई, हा मुद्दा मी रविवारी चोरणार. पण सिनेमावाला आला असता तर पाऊस गोष्टीतून काढता आला असता. इथे काढून बघा: गवत वाळतं, चारा विकत आणावा लागत नाही, लाकडाच्या कराराची घाई राहत नाही, सासरा-नवरा-सून यांच्यातलं ते मोठं भांडणच होत नाही. लग्न तसंच पाच वर्षं रेटलं गेलं असतं.

एकटीच_बाई

कर्ज तर तरीही होतं ना? सासऱ्याचं कर्ज यंत्रसामग्रीचं आहे, पावसाचं नाही. तुम्ही सगळं खापर पावसावर फोडताय.

पंचवटीकर

हे मात्र बरोबर आहे. कर्ज आधीचं आहे.

गोडी_छाटणी

मधे बोलतो. कर्ज आधीचंच असतं ताई. ट्रॅक्टरचं असतं, पोरीच्या लग्नाचं असतं, पाइपलाइनचं असतं. पाऊस कर्ज काढत नाही, पाऊस हप्ता चुकवतो. सोसायटीत कोणी विचारत नाही की मूळ कशाचं होतं.

निशाचर

"पाऊस हप्ता चुकवतो." वाचनखूण साठवली.

खंड्या

+१

मुंबईनाक्याचा_सिग्नल

माझा आक्षेप वेगळा आहे. धाग्याचं नाव "संथ आपत्ती", आणि पुस्तकात काय आहे? एक हिवाळा. नोव्हेंबरच्या सुमारास सुरू, वसंताच्या तोंडाशी खलास. लाखो केशरी फुलपाखरं एका डोंगरावर, टीव्हीवाले, चमत्कार. याला संथ म्हणायचं? हा तर देखावा झाला. संथ असतं ते कोणी छापत नाही. देखावा दाखवून संथपणाचं श्रेय घेणं ही मला फसवणूक वाटते.

खंड्या

सिग्नल, यात तथ्य आहे, आणि खऱ्या मोनार्कची गोष्ट बघितली तर आणखीच पटतं. त्यांची संख्या कमी व्हायचं एक मोठं कारण फार कंटाळवाणं आहे. त्यांच्या अळ्या रुईच्या कुळातल्या मिल्कवीड नावाच्या झुडपांवरच जगतात. अमेरिकेच्या मध्यभागात मका-सोयाबीनच्या शेतांत तणनाशकाचा वापर वाढला आणि ती झुडपं शेतातून, बांधावरून नाहीशी झाली. त्यात मेक्सिकोतली वृक्षतोड आणि लहरी हवामान. आता "बांधावरचं तण कमी झालं" यावर चारशे पानं कोण वाचेल? म्हणून तिने सगळा थवा उचलून एका गरीब घराच्या डोक्यावर आणून ठेवला. फसवणूक म्हणा, युक्ती म्हणा.

समासातली_टीप

अमिताव घोष यांचं 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) या वादाच्या मुळाशी जातं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आधुनिक कादंबरी वाढलीच मुळी रोजच्या, संभाव्य आयुष्यावर. असंभाव्य काही आलं की गंभीर कादंबरी लाजते आणि ते विज्ञानकथेकडे ढकलते. हवामानबदल मात्र असंभाव्य गोष्टी रोजच्या करतो, म्हणून कादंबरीची गोची होते. ज्या थोड्या कादंबऱ्या या कोंडीतून निसटल्या असं ते म्हणतात, त्यांत 'फ्लाइट बिहेविअर' आहे.

मला वाटतं ती निसटते कारण देखावा आणि संथपणा यांना ती एकमेकांविरुद्ध कामाला लावते. सगळे देखाव्याकडे बघतात. चर्चला चमत्कार दिसतो. टीव्हीवरच्या बाईला जीव द्यायला निघालेल्या स्त्रीला वाचवणारी फुलपाखरं हवी असतात आणि ती तशी बातमी बनवतेही. नवऱ्याच्या मते हवामान ही देवाची बाब आहे. प्रत्येकाकडे न बघण्याचं चांगलं कारण आहे. आणि हे सगळं चालू असताना बाहेर काय होतंय? पाऊस पडतोय. लेखिका दर प्रकरणात एखाद्या वाक्यात तो पाडते आणि पुढे जाते. सिग्नल, पुन्हा वाचाल तर फक्त ती पावसाची वाक्यं वाचा. संथ कादंबरी तिथे आहे.

नाताळच्या खरेदीचा प्रसंगही यातच येतो. नवरा-बायको स्वस्त वस्तूंच्या दुकानात, मोजके पैसे, मुलांसाठी काय घ्यायचं यावर कुरबुर, आणि त्या कुरबुरीतच हवामान खरं की खोटं हा वाद. दर दोन वाक्यांनी हातात एखादं प्लास्टिकचं खेळणं, किंमत बघून परत ठेवलेलं. वाद जिंकायला दोघांकडेही वेळ नाही. मला सबंध पुस्तकात तो संवाद सर्वांत खरा वाटतो.

मुंबईनाक्याचा_सिग्नल

पावसाची वाक्यं बघतो. पण फसवणुकीचा आक्षेप मागे घेत नाही.

अवली_नाशिककर

तपोवनचा धागा काढलाय. आतापर्यंत एक प्रतिसाद, तोही माझाच.

एकटीच_बाई

अजून एक खटकलं ते लिहून टाकते, मग थांबते. डेलारोबियाच्या मुलाच्या वर्गात होसेफिना नावाची मुलगी आहे. ती आईवडिलांबरोबर फुलपाखरं बघायला यांच्या घरी येते. आईवडिलांना इंग्रजी धड येत नाही, पोर मधे बसून सांगते. ते त्याच मेक्सिकोतल्या गावचे, जे दरडीखाली गेलं. घर गेलं, शाळा गेली, वडिलांचं काम गेलं. म्हणजे ज्या कुटुंबावर आपत्ती खरोखर कोसळली ते यांच्या बैठकीच्या खोलीत बसलंय! आणि पुस्तक त्यांना किती जागा देतं? काही पानं. मग आपण परत डेलारोबियाच्या मनात. आपत्ती वैयक्तिक होते ती नेमकी कोणासाठी? जिचं घर अजून उभं आहे तिच्यासाठी?

समासातली_टीप

हा आक्षेप घेणारे विद्यार्थी दर वर्षी एक-दोन निघतात आणि मला त्यांचं पूर्ण समाधान करता आलेलं नाही. बचाव करायचा तर असा: डेलारोबियाला तोवर फुलपाखरं म्हणजे आपल्या आयुष्यातला इशारा वाटत होती. त्या मुलीने सांगितल्यावर तिला कळतं की आपल्या डोंगरावरचं सौंदर्य हे दुसऱ्या कोणाच्या तरी गाडल्या गेलेल्या गावाचं दुसरं टोक आहे. तिची लाज आपल्याला वाटावी अशी योजना आहे. पण लाज वाटण्याचं काम तिला आणि घर जाण्याचं काम त्यांना, ही वाटणी लेखिकेनेच केली, हे तुमचं म्हणणं उरतंच.

खंड्या

मला तो प्रसंग त्याच्या कमीपणामुळेच लक्षात राहिला. पोर रडत नाही, वर्णन करत नाही. काय काय गेलं ते शाळेतल्या पोरासारखं सांगते. त्याच मुलीचं दोनशे पानांचं आत्मकथन असतं तर कदाचित मी चार पानांनंतर सरावलो असतो.

एकटीच_बाई

सरावायची भीती तुमची. त्यात तिचा काय दोष?

निशाचर

खंड्या, उठा, पाणी प्या.

जुनं_नाशिक

निफाडच्या थंडीचा विषय निघाला नाही अजून. पारा तीन-चारवर गेला की पेपरात फोटो. तेव्हा आपली थंडी गेली म्हणावं की नाही?

गोडी_छाटणी

आजोबा, थंडी येते, पण वेळ पाळत नाही. मणी फुगायच्या वेळेला कडाका पडला तर फुगवण थांबते, मग आम्ही पहाटे बागेत शेकोट्या करतो, पाणी सोडतो. आणि थंडी हवी तेव्हा ढग. २६ नोव्हेंबर २०२३ ला तर गारा. अर्ध्या तासात शेजारच्या बागेत पानं खाली आणि नुसत्या काड्या वर. त्याचे फोटो सगळीकडं आले, पुढारी येऊन गेले, पंचनामे झाले. पण खरं सांगू? गारांनी माणूस मोडतो तसा उठतो पण, कारण सगळं गाव एकदमच मोडलेलं असतं. वहीवाल्या पावसानं माणूस एकेकटा मोडतो. बाग हिरवी दिसते, येणारा-जाणारा म्हणतो माल झकास, आणि औषधाच्या दुकानाची उधारी फक्त घरात माहीत असते.

शेजाऱ्यानं प्लास्टिकचं आच्छादन टाकलं. एकरी खर्च ऐकून माझ्या बायकोनं तो विषयच बंद केला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, बरोबर आहे असंही म्हणवत नाही.

पंचवटीकर

"बाग हिरवी दिसते आणि उधारी फक्त घरात माहीत असते." गोडी_छाटणी, मी पहिल्या पोस्टमध्ये जे चार परिच्छेदांत सांगायचा प्रयत्न केला ते हे. रविवारी येता का? गंगापूर रोडलाच आहे. पुस्तक न वाचता या.

गोडी_छाटणी

न वाचता नाही यायचो. पोरीकडून मोबाईलवर उतरवून घेतलंय. शब्दाशब्दाला अडतो, पण दुसऱ्या प्रकरणापर्यंत पोचलो. मेंढ्यांची लोकर कातरायचा दिवस आहे. बायका टेबलाभोवती उभं राहून लोकरीतली घाण वेचून काढतात आणि हात चालू असताना एकमेकींना टोमणे मारतात. आमच्याकडं घडाची विरळणी करताना हेच चालतं. पहिलं प्रकरण मला जरा सिनेमातलं वाटलं होतं, बाई डोंगर काय चढते, आग काय बघते. पण या बाईला (लेखिकेला) काम माहीत आहे असं दिसलं. आता ती पावसाचं जे सांगेल ते मी ऐकणार.

समासातली_टीप

पंचवटीकर, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर हे असावं असं मला आता वाटायला लागलंय. आधी काम नीट दाखवा, मग कामावर पडणारा पाऊस आपोआप दिसतो. मी एवढी वर्षं यादीवाला प्रसंग आधी घेत आले. या वेळी लोकर कातरणीने सुरुवात करून बघते.

मुंबईनाक्याचा_सिग्नल

पावसाची वाक्यं शोधली. पहिल्या शंभर पानांत भरपूर आहेत, मान्य. पण शेवट बघा (स्पॉयलर, ज्यांनी वाचलं नाही त्यांनी पुढचा प्रतिसाद गाठा). शेवटी बर्फ वितळून पूर येतो. पाणी घराभोवती चढतं, फुलपाखरं उडतात, बाई बघत उभी. तीनशे पानं संथ राहून शेवटी पूर! लेखिकेलाच संथपणावर भरवसा नाही.

एकटीच_बाई

इथे मी चक्क सिग्नलच्या बाजूने.

खंड्या

मी नाही. तो पूर सगळ्या वर्षाच्या पाण्याचा आहे. जमीन आधीच भरलेली होती, बर्फाने फक्त शेवटचं माप ओतलं. पहिल्याच प्रकरणात ती चढताना मुळासकट उन्मळून पडलेलं मोठं झाड बघते, तिथेच सांगितलंय की या मातीला आता काही धरवत नाही.

मुंबईनाक्याचा_सिग्नल

ते झाड मी विसरलो होतो. बघतो. पूर तरी नकोच होता.

पंचवटीकर

ठरलं असं: रविवारी सकाळी दहाला, लोकर कातरणी आणि यादी असे दोन उतारे मोठ्याने वाचायचे, मग सिग्नल आणि एकटीच_बाई यांचे आक्षेप. होसेफिनाच्या प्रश्नासाठी शेवटचा अर्धा तास राखून ठेवतो, तो लवकर संपणार नाही. पत्ता व्यनि करतो. गोडी_छाटणी, वही आणलीत तर फार बरं होईल. दादांची सुद्धा.

गोडी_छाटणी

दोन्ही आणतो. पण शनिवारी ढग दाखवतायत. पाऊस झाला तर रविवारी सकाळी मी ब्लोअरवर असेन, मग वाट बघू नका, पोरीच्या हाती वह्या पाठवतो. तिला मिसळ तिखट चालते.

निशाचर

तिखट चालणाऱ्यांचं स्वागत आहे. काका, मिसळ कुठली ते अजून सांगितलं नाहीत.